अनुभव धागा: शिष्यवृत्तीच्या मुलाखतीतली 'तुमची पाच मिनिटं'

शेवंता

प्रवेशांची धांदल संपली की खासगी ट्रस्टच्या शिष्यवृत्त्यांच्या मुलाखती सुरू होतात. फॉर्म, दाखले, मार्कलिस्ट सगळं देऊन झाल्यावर घरी पत्र येतं आणि त्यात एक ओळ असते: 'उमेदवाराने आपले ध्येय, आजवरचा संघर्ष व पुढील योजना याविषयी ५ मिनिटे निवेदन करावे.' २०१९ साली या एका ओळीने माझी आठ दिवस झोप उडवली होती. परवा भाचीला तसंच पत्र आलं आणि ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "मावशी, यात काय बोलायचं असतं गं?" म्हणून हा धागा. तुम्ही दिलेली, ऐकलेली, फसलेली पाच मिनिटं इथे लिहा. सल्ले कमी, घडलेलं जास्त.

माझ्यापासून सुरुवात करते. गाव केज तालुक्यात, आईवडील ऊसतोडीला जाणारे. दहावीनंतर सिव्हिल डिप्लोमा केला आणि थेट दुसऱ्या वर्षाला पुण्यात डिग्रीला प्रवेश मिळाला. मुलाखतीसाठी एका बैठकीत साडेसहा पानं लिहिली. 'माझा जन्म एका अत्यंत गरीब कुटुंबात झाला. संघर्ष हाच माझा गुरू...' अशी सुरुवात, मधे एका थोर शास्त्रज्ञांचं स्वप्नांवरचं वाक्य, शेवटी कविता. रूममेटने मोबाइलवर वेळ लावली: ७ मिनिटं ४० सेकंद.

डिप्लोमाच्या सरांना फोनवर वाचून दाखवलं. ते मधे काही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "तिसऱ्या पानावर तू पावत्या वाचायचीस असं काहीतरी आलं, ते काय आहे?" मी त्यांना ती गोष्ट सांगितली, तर म्हणाले, "मग हेच बोल की. बाकीचं तुझ्याशिवायही लोक बोलणारच आहेत."

शेवटी जे बोलले त्याचा पहिला भाग अजून पाठ आहे:

'नमस्कार. मी केज तालुक्यातून आले आहे. सिव्हिल डिप्लोमा पूर्ण करून यंदा डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. मला तीन वर्षं, दर वर्षी ३०,००० रुपये कमी पडतात. कसे, ते शेवटी सांगते.

'माझे आईवडील ऊसतोड कामगार आहेत. दिवाळीनंतर जातात, पाडव्याच्या सुमारास परत येतात. मी सातवीत असताना आजी आजारी पडली, म्हणून मी आणि धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर फडावर गेलो. टोळीत वाचता येणारी मी एकटीच, त्यामुळे वजनकाट्याच्या पावत्या माझ्याकडे यायला लागल्या. एकदा पावतीवर २ टन ३४० किलो होतं आणि मुकादमाच्या वहीत २ टन ४० किलो. मधला ३ वहीत उतरलाच नव्हता. मी वडिलांना सांगितलं, त्यांनी पावती दाखवली आणि वही दुरुस्त झाली. तिथून हंगाम संपेपर्यंत टोळीतल्या ९ कोयत्यांचा हिशोब मी दोनशे पानी वहीत लिहिला.

'डिप्लोमात मेजरमेंट बुक पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला ती वही आठवली. झालेलं काम मोजायचं, लिहायचं आणि त्यावर बिल निघायचं. मला बिलिंग आणि क्वांटिटी सर्व्हेचं काम करायचं आहे.'

एवढं बोलायला दीड मिनिटाच्या आतबाहेर लागत होतं. पुढे, पहिल्या सुट्टीत कुठल्या कॉन्ट्रॅक्टरकडे जाणार, कुठलं सॉफ्टवेअर शिकणार, आणि शेवटी पैशांचा हिशोब. एकूण ४ मिनिटं ३५ सेकंद.

खरी गंमत प्रश्नांच्या वेळी झाली. एका बाईंनी विचारलं, "नऊ कोयते म्हणजे नऊ माणसं ना?" मी म्हटलं, "नाही मॅडम, अठरा. कोयता म्हणजे नवराबायको." त्यांनी पेन खाली ठेवलं. शेजारी एक निवृत्त इंजिनिअर होते, ते म्हणाले, "मेजरमेंट बुकात आकडा चुकला तर काय करायचं?" खोडरबर नाही, गिरवायचं नाही, चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा आणि सही. हे मला झोपेतही आलं असतं. त्या वाक्यांमुळेच ते प्रश्न आले. 'संघर्ष माझा गुरू' म्हटलं असतं तर काय विचारलं असतं, देव जाणे.

३०,००० मागितले होते, पहिल्या वर्षी २०,००० मिळाले. हेही सांगून टाकते.

मीठभाकर

माझं भाषण चांगलं होतं, लिहिलेलं. बोललेलं अर्धंच.

शब्दन् शब्द पाठ केलं होतं. आरशासमोर, टेरेसवर, एसटीत. मुलाखतीत दोन मिनिटं सुरळीत गेली आणि दार उघडून चहा आला. कपबश्या वाजल्या, कुणीतरी "बिनसाखरेचा कुठला?" विचारलं, आणि माझी पाटी कोरी. पाठांतराची भानगड अशी की मधला शब्द हरवला की पुढचं दारच सापडत नाही. मी परत पहिल्यापासून सुरू केलं, "नमस्कार, मी..." एकजण हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले.

पुढच्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी गेलो तेव्हा भाषणाचे पाच तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याचं फक्त पहिलं वाक्य पाठ केलं. बाकीचं जसं येईल तसं. खिशात पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर पाच शब्द: नाव-रक्कम, दुकान, बारावी, आयटीआय, खर्च. कागद काढावा लागला नाही. आणि 'दुकान' नंतर चुकून 'आयटीआय' आलं तरी कुणाला कळलं नाही, कारण 'बारावी' मी त्यानंतर घेतली.

गणिती

साधं त्रैराशिक आहे. माणूस मिनिटाला १३० शब्द बोलतो. ५ मिनिटांचे ६५० शब्द. तेवढे मोजून लिहा आणि निर्धास्त राहा. सगळीकडे हेच सांगतात.

वर्गणीदार

गणिती, तो आकडा इंग्रजी भाषणाचा आहे. आपल्याकडे 'घरच्यांच्याबरोबर' हा एकच शब्द मोजला जातो. मराठीत ६५० शब्द लिहून आणणारी मुलं सव्वासहा-साडेसहा मिनिटांवर जातात, हे मी घड्याळ लावून पाहिलेलं आहे. आकडे तर वेगळेच. कागदावर '४७,५००' हा एक शब्द, तोंडात 'सत्तेचाळीस हजार पाचशे' असे तीन. चार-पाच रकमा असल्या की दहा-पंधरा सेकंद तिथेच गेले. साधारण ४५० ते ५०० शब्दांत पाच मिनिटांचं मराठी निवेदन बसतं, तेही सावकाश बोलणाऱ्याचं. पण मोजायचं ते मोठ्याने बोलून. मनात वाचलं की सगळ्यांचं भाषण चार मिनिटांतच होतं.

आता ओळख. मी एका छोट्या ट्रस्टच्या निवड समितीवर ११ वर्षं आहे, म्हणजे टेबलाच्या पलीकडचा. आमच्याकडे एका दिवसात साधारण तीस मुलं येतात. पाच मिनिटं त्यांची, सात-आठ मिनिटं आमची. दुपारी जेवणानंतरच्या मुलांवर अन्याय होतो हे मान्य करतो.

मुलगा बोलायला लागला की मी फक्त चार गोष्टी लिहितो: कुठून आला, काय शिकतो, कितवं वर्ष, किती हवेत. निम्म्या मुलांच्या बाबतीत तिसरं मिनिट संपलं तरी या चार रकान्यांतला एखादा रिकामाच असतो. तो रिकामा आहे तोवर माझं लक्ष गोष्टीत नसतं, रकान्यात असतं. शेवंताताईंनी पहिल्या चार वाक्यांत ते उरकलं, म्हणून पावतीची गोष्ट लोकांनी नीट ऐकली.

दुसरं, घरच्या परिस्थितीबद्दल जे बोलाल ते आमच्यासमोरच्या फाइलशी जुळायला हवं. एकदा एक मुलगा म्हणाला, 'आमची दीड एकर कोरडवाहू.' फाइलमधला सातबारा सहा एकरांचा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मुलगा खोटं बोलत नव्हता. जमीन आजोबांच्या नावावर, चार भाऊ, वाटणी झालेली नाही, याच्या वडिलांच्या वहिवाटीला दीड एकर. पण हे त्याने आम्ही विचारल्यावर सांगितलं, घाम पुसत. तेच भाषणात एका वाक्यात आलं असतं तर शंकाच आली नसती. उत्पन्नाच्या दाखल्याचं तसंच. दाखल्यावर ४८,००० आणि भाषणात 'बाबा महिन्याला आठ हजार मिळवतात' म्हणजे ९६,००० झाले. आम्ही गृहभेटीला जातो, तेव्हा हे सगळं पुन्हा निघतंच.

तिसरं, 'योजना'. मोठी ध्येयं सगळ्यांचीच असतात, त्याला गुण नसतात. मी पाहतो ते ध्येय आणि येत्या सहा महिन्यांमधलं अंतर. 'एमपीएससी करून समाजाची सेवा करीन' म्हणणाऱ्याला विचारतो, या सेमिस्टरला काय? तिथे बहुतेक गडबडतात. एका मुलीने मात्र सांगितलं होतं, 'माझा एम-२ राहिलाय, नोव्हेंबरात तो काढते, मगच पुढचं.' राहिलेला विषय स्वतःहून सांगणारी ती अकरा वर्षांतली एकमेव असावी. मी तिला पूर्ण गुण दिले. समितीतल्या दुसऱ्या सदस्यांनी याच कारणासाठी कापले. असंही होतं.

जुना फौजी

आमच्या एसएसबीत, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीत, लेक्चरेट असायचं. कार्डावर चार विषय, त्यातला एक निवडायचा, तीन मिनिटं तयारी, तीन मिनिटं बोलणं. कागद नाही, पाठांतर नाही. अडीच मिनिटांना इशारा. ज्याला बोलता येतं त्याला कशावरही बोलता येतं. पाच मिनिटांसाठी आठ दिवस तयारी, हे मला तरी पटत नाही. खांदे मागे, नजर समोर, आवाज पोटातून. बस.

मीठभाकर

काका, तिथे विषय कार्डावर होता. इथे विषय आपले वडील असतात. फरक पडतो.

जुना फौजी

मान्य.

लीड्सकर

माझा अनुभव चेव्हनिंगचा, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीचा. तिथे असं निवेदन नसतंच. समिती थेट प्रश्न विचारते: नेतृत्वाचं उदाहरण द्या, लोकांशी संबंध कसे जोडता, हाच अभ्यासक्रम का, परत जाऊन काय करणार. अर्जासाठीच २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर किमान दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं, त्यामुळे 'पुढील योजना' हा तिथला कणा. घरच्या गरिबीबद्दल मला अवाक्षरही विचारलं नाही. मी तयार करून नेलेलं पाच मिनिटांचं भाषण खिशातच राहिलं. त्यामुळे माझं मत, स्क्रिप्ट लिहूच नका.

शेवंता

ताई, अनुभव छान आहे, पण तुमच्याकडे पाच मिनिटं मागितलीच नव्हती. आमच्या पत्रात ती लिहून येतात. परदेशी शिष्यवृत्त्यांसाठी वेगळा धागा काढू या, तिथे नक्की लिहा.

खिडकीतली

मला वेगळं बोलायचं आहे. राग आलेला आहे, आधीच सांगते.

माझे वडील मी अकरावीत असताना गेले. भाषणात मी एकच वाक्य ठेवलं होतं: 'अकरावीत असताना वडील वारले, तेव्हापासून आई अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करते.' पुढे लगेच फार्मसीवर गेले. भाषण संपल्यावर एका गृहस्थांनी विचारलं, "वडील कशाने गेले?" सांगितलं. "तेव्हा तू कुठे होतीस? नेमकं काय झालं त्या दिवशी?" मी सांगत गेले आणि रडले. पाणी दिलं त्यांनी. शिष्यवृत्ती मिळाली. आजही मला कळत नाही, ती फार्मसीला मिळाली की रडण्याला. बाहेर बसलेल्या मुलीने माझे डोळे बघून विचारलं, "आत रडायला लागतं का?"

तर 'संघर्ष सांगा' म्हणजे नक्की किती सांगा? एक वाक्य पुरेसं नाही का?

वर्गणीदार

त्या दिवशीचं वर्णन विचारणं चूकच होतं. समितीला जे कळायला हवं ते एवढंच: घरात आता कमावतं कोण, किती, आणि तू त्या काळात शिक्षण कसं चालू ठेवलंस. तुमच्या एका वाक्यात पहिलं होतं. तिसरं नव्हतं. कदाचित तेच शोधत होते आणि वाईट पद्धतीने शोधलं. मी बाजू घेत नाहीये.

खिडकीतली

घेताय थोडीशी.

टमटम

एक बारीक मुद्दा. माझी मुलाखत ऑनलाइन झाली. गावात घरात रेंज नाही, म्हणून मारुतीच्या पारावर बसलो. भाषण सुरू केलं आणि मागून पिठाची गिरणी. माझ्याकडे १४ स्लाइडही होत्या, पत्रात कुणी मागितल्या नव्हत्या तरी. स्क्रीन शेअर होईपर्यंत सव्वा मिनिट गेलं आणि ते माझ्याच पाच मिनिटांत धरलं. चौथ्या स्लाइडवर "वेळ संपली". योजना आणि खर्च अकराव्या स्लाइडपासून होते. सांगायचं एवढंच की जे महत्त्वाचं ते पुढे आणा, मागे ठेवलेलं कुणी पाहिलं नाही. आणि गिरणीची वेळ विचारून घ्या, हसू नका.

अर्धा कप

मी शेवंतामावशींची तीच रडवेली भाची. येत्या शनिवारी मुलाखत आहे. मावशी म्हणाली इथेच टाक, सगळे सुधारतील. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष. भाषणाची सुरुवात आणि शेवट देते.

सुरुवात: 'पाण्याचे हंडे वाहता वाहता मी संगणकाची स्वप्ने पाहिली...'

शेवट: 'माझ्या कॉलेजची फी १,२०,००० रुपये आहे. माझी आई शिवणकाम करते. इतकी फी भरणे आम्हाला शक्य नाही. कृपया मदत करावी.'

वर्गणीदार

बेटा, तू शनिवारी हे बोललीस तर पहिला प्रश्न असा येईल: "तुझी फी माफ आहे ना?" २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तू त्यात बसतेस का?

अर्धा कप

हो, बसते. कॉलेजने प्रवेशाच्या वेळी ते शुल्क घेतलं नाही. पण मैत्रीण म्हणाली, पूर्ण फी सांगितली की जास्त पैसे मिळतात.

वर्गणीदार

मैत्रिणीला माझा नमस्कार सांग. फाइलमध्ये कॉलेजची पावती असते, त्यावर सगळं छापलेलं असतं. गेल्या वर्षी आमच्याकडे चार मुली याच वाक्यावर अडकल्या, आणि चौघींनाही खरोखरच पैशांची गरज होती. फी माफ झाली तरी राहायला-खायला लागतंच. ते मांड. वर्षभराचा खर्च लिहून टाक इथे, महिन्याचा नको.

अर्धा कप

मेस ३,२०० प्रमाणे दहा महिने, ३२,०००. खोलीचं भाडं माझ्या वाट्याचं २,५०० प्रमाणे अकरा महिने, २७,५००. कॉलेजचं इतर शुल्क, जे माफ नाही, १४,०००. पुस्तकं आणि गावी जाणं-येणं ८,५००. एकूण ८२,०००.

येणारे: आई आणि मामा मिळून महिना ३,०००, वर्षाचे ३६,०००. मी सातवीच्या दोन मुलांच्या शिकवण्या घेते, त्याचे दहा महिन्यांचे १०,०००. एकूण ४६,०००.

शेवंता

मग तुला ३६,००० कमी पडतात. १,२०,००० नाही. शिकवण्यांचं तू भाषणात लिहिलंच नाहीस!

अर्धा कप

ते काय सांगायचं, सगळ्याच मुली घेतात.

वर्गणीदार

तेच सांगायचं. 'वर्षाला ८२,००० लागतात, ४६,००० जमतात, त्यातले १०,००० माझे, ३६,००० कमी पडतात.' हे एक वाक्य सावकाश बोल, आम्ही लिहून घेत असतो. आणि विचारलं की आम्ही २०,०००च दिले तर काय करशील, तर त्याचंही उत्तर हाताशी ठेव. हा प्रश्न मी स्वतः नेहमी विचारतो. दुसरीकडे अर्ज केला असलास तर तेही लपवू नकोस.

खिडकीतली

त्या २०,०००च्या प्रश्नाला मी 'चालेल' म्हणाले होते आणि मग तेवढेच मिळाले. 'उरलेल्यासाठी आणखी एका ठिकाणी अर्ज केलाय' म्हणायला हवं होतं, खरंच केलेला होता.

गणिती

वर्गणीदार, मी काल माझं जुनं भाषण मोठ्याने वाचून पाहिलं. ६४० शब्द. ६ मिनिटं १० सेकंद. तुमचं बरोबर निघालं. मात्र मी इंजिनिअरिंगच्या वेळी तेच बोललो होतो आणि मला कुणी थांबवलं नव्हतं. कदाचित भरभर बोललो असेन.

टमटम

किंवा त्यांनी चौथ्या मिनिटाला ऐकणं थांबवलं असेल.

लीड्सकर

अर्धा कप, भाषण मराठीत करणार की इंग्रजीत? कॉम्प्युटर इंजिनिअरिंग आहे म्हणून विचारते.

वर्गणीदार

आमच्याकडे दोन्ही चालतं, पण अर्ध्यात भाषा बदलणाऱ्यांचा सूर जातो. इंग्रजीत सुरू करून घरच्या गोष्टीवर आले की मराठीत घसरतात, मग परत इंग्रजीत चढता येत नाही. काही ट्रस्टना मात्र इंग्रजीच हवं असतं, पत्रात लिहिलेलं असतं. नसेल लिहिलं तर ऑफिसात फोन करून विचारायचं, त्याने कुणाचे गुण कापले जात नाहीत.

अर्धा कप

मराठीतच. पत्र मराठीत आलंय.

सगळं पुन्हा लिहिलं. सुरुवातीला नाव, वर्ष, ३६,०००. मग आईचं मशीन. आई ब्लाउज शिवते त्याची मापं ती वहीत न लिहिता लक्षात ठेवायची, मी तिला मोबाइलवर एक साधी शीट करून दिली, नाव घातलं की माप येतं. आता गल्लीतल्या आणखी दोघी तीच वापरतात. मावशी म्हणाली हे आधी का नाही सांगितलंस, मी म्हटलं ते काय प्रोजेक्ट थोडंच आहे. मग पुढच्या सुट्टीत त्याचं नीट ॲप करायचंय, त्यासाठी काय शिकावं लागेल ते. मग खर्च. आज रात्री वेळ लावली, ४ मिनिटं ५० सेकंद.

वर्गणीदार

शीटमध्ये कुठले कॉलम आहेत, हे विचारतील. तयार राहा.

अर्धा कप

नाव, छाती, कंबर, बाही, गळा पुढचा, गळा मागचा, तारीख. तारीख आईने घालायला लावली, म्हणे बायका जाड होतात आणि मला बोल लावतात.

एकच गोष्ट राहिलीय. ते हंड्याचं वाक्य मला फार आवडत होतं म्हणून मी ते शेवटी घेतलं होतं. आत्ता आजीला सगळं म्हणून दाखवलं. ती झोपल्यासारखी पडली होती, डोळे न उघडता म्हणाली, "आगं, हंडा कुठं व्हता आपल्याकडं? नळ व्हता की दारात." काढलं. आता ४ मिनिटं ३८ सेकंद.